कॅमेरा एका लग्नाला कितीचा पडतो

सिंदेवाहीत आमचा फोटो स्टुडिओ होता. रोलचे दिवस सरत आले होते आणि नवऱ्याला डिजिटल कॅमेरा हवा होता. किंमत साठ हजार.

सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात तं दोन बैलजोड्या येतेत!"

बैल विकला की पैसे परत येतात, मग कॅमेऱ्याचे येतात का? मला कुतूहल वाटलं. चंद्रपूरच्या कॅमेरावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "तीन वर्षांनी चोवीस तं येतीन."

म्हणजे खरा खर्च छत्तीस हजार. वर्षाला तीसेक लग्नं धरली, तर तीन वर्षांत नव्वद. एका लग्नामागे चारशे. रोल आणि धुलाईलाच त्याहून जास्त जात होते.

"घ्या," मी म्हटलं.

कॅमेरा नागभीड, कुरखेडा सगळीकडे फिरला. दुसऱ्या वर्षाअखेर नवं मॉडेल आलं, तेही पन्नास हजारात. नवरा म्हणाला, "आताच विकून टाकू, नाई तं भाव पडन."

आम्ही दोघं चंद्रपूरला गेलो. कॅमेरावाल्यानं कॅमेरा उजेडात फिरवून पाहिला, मुठीजवळच्या झिजलेल्या रबरावरून बोट फिरवलं. "वीस देतो."

नवऱ्याचा चेहरा उतरला. साठ लग्नांना चाळीस हजार! एका लग्नाला साडेसहाशेच्या वर. "फसलो नं आपण," तो हळूच म्हणाला.

पण मला दुसरंच विचारायचं होतं. "भाऊ, अजून एक वर्ष वापरून आणला तं?"

"शटर ठीक असन, तं बारा."

"आन् नवा घेतला, तं वर्षाभरानं?"

"पस्तीस समजा."

मी मनात मांडून पाहिलं. आधीचे चाळीस हजार तर गेलेच होते. विकला तरी, ठेवला तरी. जुना ठेवला तर वर्षात आठ हजार घटणार, नवा घेतला तर पंधरा. लग्नं तेवढीच. जुन्यावर पुढचं एकेक लग्न पावणेतीनशेला पडणार, नव्यावर पाचशेला.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं विचारलं, "आन् शटर गेलं तं?"

"तं ते आपलं नशीब."

त्यानं नवा कॅमेरा हातात घेऊन काउंटरपाशीच माझा एक फोटो काढला, स्क्रीनवर पाहून हसला आणि परत ठेवला. जुना गळ्यात अडकवून आम्ही बस पकडली.

शटर टिकलं. पुढच्या हंगामानंतर अकरा हजार मिळाले. नव्वद लग्नांची गोळाबेरीज साडेपाचशेच्या आत बसली. ठरवलेल्या चारशेपेक्षा महाग, पण मनाला पटणारी. मग नवा घेतला, तोवर त्याचीही किंमत उतरली होती.

पैसे मोजताना मी कॅमेरावाल्याला विचारलं, "याचे तीन वर्षांनी किती येतीन?"

"काय सांगू बाई," तो म्हणाला, "आता तं फोनातच कॅमेरे येऊन राह्यले."