रिकामे ठेवलेले रकाने

"मुलगी बोलते का, की नुसती फाइल धरायला आणलीय?"

परचेस ऑफिसरने हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हळूच विचारलं. बाबांना ऐकू आलं नाही. कापड मिलच्या वर्कशॉपमध्ये, त्या खडखडाटात, इतकी वर्षं काढल्यावर त्यांना हळू बोललेलं ऐकू येत नसे. मला आलं. मी मान खाली घालून फाइलची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

आम्ही सकाळी इंदूरच्या पोलोग्राउंडहून निघालो होतो. महूपर्यंत बसमध्ये उभं राहून, तिथून पुढे टेम्पोने. ही कंपनी नवी, मशीनं परदेशी, आणि हा ऑफिसर पुण्याहून आलेला, माझ्यापेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठा. मिल बंद झाली तेव्हा बाबांनी मिळालेल्या पैशांतून तिथल्याच लिलावातलं एक जुनं ग्राइंडिंग मशीन घेतलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप टाकलं. त्यांच्याबरोबर मिलचे तीन कारागीर आले. आता दोन उरले होते. ही ऑर्डर मिळाली नाही तर पुढच्या महिन्यात तेही उरणार नव्हते. हे घरी कोणी बोललं नव्हतं, पण आई भाजी चिरतानासुद्धा गप्प असायची.

ऑर्डर बुशची होती. बुश म्हणजे मशीनमध्ये फिरणाऱ्या शाफ्टभोवतीची पोलादी नळी. झिजायची असते ती हीच, म्हणजे शाफ्ट वाचतो. नमुन्याचे आठ नग आम्ही चार महिन्यांपूर्वी देऊन ठेवले होते.

"काका, क्वालिटीबद्दल तक्रार नाही," ऑफिसर म्हणाला. "पण भाव जास्त आहे. हा फॉर्म भरून द्या. मटेरियल किती, मशीनचे तास किती, ताशी दर किती, ओव्हरहेड, प्रॉफिट. सगळं उघड. हल्ली असंच असतं."

"साहेब, भाव तर एकदम वाजबी लावलाय. याच्यात गुंजाइशच नाही."

"गुंजाइश!" तो हसला. "तुमचं इंदुरी मराठी मजेदार आहे हं, काका. वाजबी आहे ना? मग दाखवायला काय हरकत?"

बाबाही हसले. समोरचा हसला की हसायचं, ही सवय त्यांना मिल सुटल्यावर लागली.

तो फॉर्म मला पाठ होता. आदल्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीने तसाच मागितला होता. बी.कॉम. होऊन मी नुकतीच वर्कशॉपचं टायपिंग बघू लागले होते. मला तो आवडला होता. आठ रकाने, प्रत्येकात खरा आकडा, खाली बेरीज. मी रात्री बसून तो इतका नीट टाइप केला की बाबांनी तो कारागिरांना दाखवला. कोणालाच इंग्रजी येत नव्हतं, तरी सगळ्यांनी पाहिला. एक जण म्हणाला, "बेटा, ये तो शादी का कार्ड लग रहा है."

त्या कंपनीने आमच्यासारख्याच आणखी तिघांचे फॉर्म घेतले होते. मग प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लहान आकडा उचलला. पोलाद ज्याला स्वस्त पडतं त्याचं, तास ज्याचं मशीन नवं आहे त्याचे, ताशी दर मात्र आमचा, कारण आमचं मशीन जुनं आणि दर कमी. असा एक भाव तयार झाला, जो चौघांपैकी कोणालाच परवडणारा नव्हता. हार्डनिंगमध्ये, म्हणजे पोलाद तापवून कडक करताना, तडकणाऱ्या नगांसाठी मी एक ओळ प्रामाणिकपणे घातली होती. ती तांबड्या पेनने खोडून आली: तुमच्या चुका आम्ही का भराव्यात? आम्ही ते काम त्या भावात घेतलं, कारण दुसरं नव्हतं. ते संपलं तेव्हा तिसरा कारागीर सियागंजमध्ये एका किराणा गोदामात पोती मोजायला लागला. भेटला की मला विचारायचा, "टाइपिंग कैसी चल री है?"

मी तेव्हापासून फॉर्म या शब्दालाच भीत होते.

ऑफिसरने पेन बाबांपुढे सरकवलं. बाबांनी चष्मा काढून पुसला. मला दिसत होतं की ते भरणार. दमले होते. टेम्पोतच म्हणाले होते, "बेटा, जे मागतील ते देऊन टाकू. आता भांडायची ताकत नाही."

त्यांनी 'मशीनचे तास' या रकान्यावर पेन टेकवलं आणि थांबले. तिथे काय लिहायचं होतं? आमचे ग्राइंडिंगवाले काका, उरलेल्या दोन कारागिरांतले एक, बुश घासून झाले की लगेच मोजत नाहीत. घासताना तो तापतो, तापलेला थोडा मोठा भरतो; तेव्हाच मोजून शेवटचा हात मारला तर थंड झाल्यावर माप चुकतं. म्हणून ते नग लोखंडी पाटावर ओळीने मांडतात, चहा पितात, विडी ओढतात, कधीकधी सरळ दुसऱ्या दिवसावर टाकतात. बाबा त्यांना घाई करत नाहीत. त्या फॉर्मवर या वाट बघण्याला रकाना नव्हता. तासांत धरली तर आम्ही सुस्त दिसणार, नाही धरली तर ती उद्यापासून फुकट होणार.

"काका, लिहा ना अंदाजे," ऑफिसर म्हणाला. "नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

मी बाबांच्या हाताखालून फॉर्म ओढला. ठरवून नाही. कागद फाटेल म्हणून त्यांनीच पेन उचललं. इंग्रजीत सुचत होतं, मराठीत जुळत नव्हतं. ऑफिसर माझ्याकडे पाहत होता, आता जरा कुतूहलाने. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते.

पुढे काय झालं ते आता मला माहीत आहे. अर्धी ऑर्डर मिळाली, अर्धी दुसऱ्या कोणाला गेली. दोघे कारागीर राहिले. घरी परतताना बाबा बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले, आणि मला आनंद झाला नाही, फक्त पाय दुखत होते. पण त्या क्षणी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी कोरा फॉर्म त्याच्या बाजूला ठेवला आणि बोलले, वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने, बाबांना ऐकू जाईल इतकं:

"सर, हा आम्ही भरणार नाही. तुकड्यांचा भाव आमच्याकडे नाही, पूर्ण बुशचा आहे. त्यात प्रत्येक नग हार्डनेस तपासून मिळेल, थंड करून मोजलेला मिळेल, तडकलेला निघाला तर बदलून मिळेल, आणि सहा महिने भाव वाढणार नाही, हे आम्ही लिहून देतो. महाग वाटत असेल तर तुमच्याच स्टोअरचं रजिस्टर मागवा. आमचे आठ नग चार महिन्यांपासून चालू आहेत. त्याआधी दुसऱ्यांचे बुश किती दिवसांनी बदलावे लागले ते त्यात लिहिलेलं असेल. भाव कमीच हवा असेल तर ड्रॉइंग बघू. बाहेरच्या कडेला इतकं बारीक माप लागत नाही, ते सैल केलंत तर आम्ही कमी करू. पण माप तेच आणि भाव कमी, हे नाही जमणार."