माळावरचं भात आणि ओढ्याकाठची विहीर

अंबरनाथच्या तहसील कचेरीत दुष्काळ ओळखण्याची एक सोपी रीत होती. साहेबांच्या खोलीतल्या पिंपात पाणी असलं की दुष्काळ नाही. मी तेव्हा कृषी पर्यवेक्षक होते आणि माझं तोंड जरा फटकळच होतं.

त्या वर्षी जुलैत पाऊस नुसता कोसळला आणि ऑगस्ट लागताच गायब झाला. सप्टेंबरअखेर बैठक भरली. महसूलच्या अव्वल कारकुनांनी पर्जन्यमापकाचे आकडे वाचले आणि सरासरी गाठल्याचं जाहीर केलं. जणू ती त्यांनीच गाठली होती. पाणीपुरवठ्याचे अभियंता म्हणाले, "नदीवरचा बंधारा भरून वाहतोय, मॅडम. दुष्काळ कसला?" हे बदलापुरात हेंद्रेपाड्यात राहत आणि नदीकडे आपल्या नळाची टाकी म्हणूनच बघत.

मी म्हटलं, "सर, आभाळाचा दुष्काळ नुसत्या बेरजेवर ठरत नाही, खंडही बघायचा असतो. सलग तीन-चार आठवडे नेहमीच्या निम्म्याहून कमी पाऊस म्हणजे खंड, इथं तर दुप्पट आठवडे झालेत. आणि शेताचा दुष्काळ वेगळाच. मातीत ओल किती, पीक कुठल्या अवस्थेत, ते बघायचं. हळवं, लवकर येणारं भात नेमकं पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या बेतात असताना पाणी तुटलंय. बंधारा भरलेला असला तरी माळावरचं भात काय त्यात तोंड घालून पाणी पिणार आहे?"

खंडाचा नियम दुष्काळाच्या सरकारी पुस्तकात होता, त्यामुळे पुढची तपासणी टळेना. मग उपग्रहाचा नकाशा आला, बऱ्यापैकी हिरवा. उपग्रह पानांचा हिरवेपणा मोजतो आणि त्याच जागेच्या मागच्या वर्षांशी ताडून बघतो. बदलापूरच्या बाहेर मागच्या वर्षांत जिथे उघडा माळ होता, तिथे आता फार्महाउसवाल्यांनी बोअरच्या पाण्यावर लॉन वाढवलं होतं. मुंबईच्या पाहुण्यांना लोळायला केलेलं ते गवत आमच्या हिशेबात पिकाची तब्येत ठरलं. शिवाय दाणा न भरलेलं भात उलट जास्त दिवस हिरवं राहतं, हे वरून कळायचं कसं? मी हे सांगितलं तेव्हा कारकून चहात बिस्किट बुडवत होते.

शेवटी प्रत्यक्ष पाहणीसाठी गावं निवडली गेली. त्यात बदलापूरपलीकडचं एक गाव आलं आणि चिठ्ठीत एका मावशींचं शेत निघालं. एकट्या बाई. वर माळावर हळवं भात, खाली ओढ्याकाठी एक चिंचोळा तुकडा उशिरा येणाऱ्या गरव्या भाताचा. वर्षाचं खाणं आणि पुढचं बियाणं यातूनच निघायचं. पाहणीत नुकसान दिसलं तरच गावाला आणि त्यांना मदत मिळणार होती.

आम्ही गेलो तर माळ भुंडा. मावशींनी लोंब्या चोळून बघितल्या होत्या, सगळ्या पोचट. मग त्यांनी ते भात हिरवं असतानाच म्हशीला कापून घातलं होतं.

"दाना नाय त्यात, मंग उभं ठेवून काय करू? म्हस तरी खाईल," त्या म्हणाल्या.

इथं सगळे हेच करतात. आणि इथंच सगळे फसतात, कारण कापलेल्या पिकाचा पंचनामा होत नाही. मी म्हटलं, "जमिनीत उरलेले सड बघा, गोठ्यातली वैरण बघा, लोंब्या पडल्यात त्या चोळून बघा." बरोबर आलेले महसूलचे मंडल अधिकारी म्हणाले, "उभं पीक कुठंय ते दाखवा." मग ओढ्याकाठच्या त्या तुकड्यात चौकोन आखला, भात कापलं, झोडलं, तोललं. खाली ओल टिकली होती, दाणा टच्च भरलेला. उतारा उत्तम आला आणि गाव यादीतून उडालं. मी वेगळा शेरा लिहिला, तो कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. 

पाऊस लवकर आटोपल्यामुळे बंधाऱ्याला पाणी सोडणाऱ्या धरणाचा उपसा लवकर सुरू झाला होता. एप्रिलमध्ये साठा दरवर्षी त्या सुमारास असतो त्याहून फारच खाली गेला. भूजल मोजायच्या निरीक्षण विहिरींची पातळीही मागच्या पाच वर्षांच्या सरासरीखाली होती. हा पाण्याचा दुष्काळ, सगळ्यांत उशिरा येतो. पण हेंद्रेपाड्यातले नळ दिवसाआड झाले आणि बैठक दुसऱ्याच दिवशी भरली. अभियंता साहेब घामेजून म्हणाले, "मॅडम, परिस्थिती गंभीर आहे." यांना दुष्काळ कळायला बादली रिकामी व्हावी लागली!

टँकर भरायला विहिरी ताब्यात घ्यायचं ठरलं. ओढ्याकाठची एक विहीर पाझरावर भरलेली होती. मावशींचीच, खाली खोलात, तिचं पाणी वरच्या माळाला कधी पोचलं नव्हतं. आदेश द्यायला मी आणि अभियंता गेलो. मावशी रेशनचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. अभियंत्यांनी विहिरीत डोकावून मनापासून म्हटलं, "वा! भरपूर आहे."

मावशींनी सूप खाली ठेवलं.

"माळावरचा भात नव्हता दिसला तुमाला," त्या म्हणाल्या. "पानी बराबर दिसला."