‘तुला’ तेवढं राहू द्या

सकाळी दूध उतू जायच्या बेतात असताना दुरुस्तीबाई वर्तमानपत्रातल्या एका मंत्र्याचा ऱ्हस्व सुधारत होत्या. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, निवृत्त होऊनही चार वर्षं झाली, पण पेन्सिल काही हातातून सुटली नाही. किराणावाल्याची पाटी, लग्नाच्या पत्रिका, जावयाचं पत्र, सगळ्यांवर त्यांची पेन्सिल फिरून गेलेली. जावई तेव्हापासून फोनच करतात. ‘दुरुस्तीबाई’ हे नाव गल्लीनं दिलं होतं, आणि त्यात शुद्धलेखनाची चूक नसल्यानं बाईंनी ते चालवून घेतलं होतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. दूध गेलंच.

दारात कोपऱ्यावरच्या प्रार्थनागृहाचे चिटणीस उभे होते, आणि त्यांच्या मागे मुलांना गाणं शिकवणाऱ्या सूरबाई. प्रार्थनागृहाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त बारा मुली एक गाणं म्हणणार होत्या.

“लहान मुलाच्या तोंडी घालायचं,” चिटणीस म्हणाले. “देवाला साधे, प्रामाणिक प्रश्न. पण ताई, साधे म्हणजे अगदीच साधे नकोत. आणि प्रामाणिक म्हणजे... तुम्ही समजूतदार आहात.”

“खाली नाव छापणार?” बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“ठळक अक्षरांत.”

बाईंच्या हातून शेकडो पुस्तकं गेली होती. एकाही पुस्तकात त्यांचं नाव नव्हतं. चूक राहिली तर तेवढी त्यांच्या नावावर जायची. त्यांनी दुधाकडे न बघता होकार दिला.

सूरबाईंनी चहा घेता घेता मापं दिली, शिंप्यानं द्यावीत तशी. एका ओळीत सोळा मात्रा, आठ आठचे दोन तुकडे, मध्ये श्वासाला जागा. ओळ शेवटी ‘आ’ नाहीतर ‘ए’वर सुटावी, म्हणजे मुलींना सूर लांबवता येतो. “आणि जोडाक्षरं कमी, बाई. माझ्या बाराजणींतल्या चौघींचे पुढचे दात पडलेत.”

त्या दुपारी बाईंनी झोकात सुरुवात केली: ‘भवसागरि या नाव बुडाली’. बोटांवर मोजलं, सोळा. मग ओळ नातीला वाचून दाखवली. नात सात वर्षांची, बारा मुलींतलीच एक, आणि दात पडलेल्या चौघींतलीही.

“नाव कसं बुडेल?” नात म्हणाली. “नाव तर वहीवर असतं.”

“नाव म्हणजे होडी गं.”

“मग होडी म्हण ना.”

“होडी बुडाली म्हटलं की तो अपघात होतो. नाव बुडाली की भक्ती होते.”

नातीनं आजीकडे जरा काळजीनं पाहिलं. बाईंनी ओळ खोडली. मोठ्या माणसानं गुडघ्यावर बसून बारीक आवाज काढला म्हणून त्याचं मूल होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, “तुला देवाला काय विचारायचंय?”

“त्याला सकाळी कोण उठवतं?”

बाईंनी ‘त्याला’चं ‘तुला’ केलं, ‘उठवतं’चं ‘उठवते’ केलं, आणि बोटं मोजली. तुला सकाळी, आठ. कोण उठवते, आठ. नातीनं बोलता बोलता बरोब्बर मापाची ओळ टाकली होती, आणि आजी दुपारभर भवसागरात गटांगळ्या खात होती. ध्रुवपद झालं:

तुला सकाळी कोण उठवते?
दात घास रे, कोण सांगते?

सगळे देवाकडे मागतात, पण त्याला काय हवं ते कोण विचारतं, या नातीच्या दुसऱ्या शंकेतून पहिलं कडवं निघालं:

आई मागे, आजी मागे,
तुला हवे ते कोण विचारे?

“‘मागे’ आणि ‘विचारे’, यमक काही नीट जुळत नाही,” बाई पुटपुटल्या.

“जुळतंय की. दोन्हीकडे तोंड सारखंच होतं,” नातीनं ओठ ताणून दाखवले. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक चूक जाणूनबुजून तशीच ठेवली.

शेवटच्या कडव्याच्या वेळी नातीनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “एक विचारायचंय. पण ते फक्त त्याला.”

“मी फक्त मात्रा मोजते. ऐकत नाही.”

कप जो फुटला, मीच लपवला,
आईला तू सांगितले का?

निळ्या फुलांचा कप महिनाभर सापडत नव्हता आणि आळ मोलकरणीवर होता. बाईंनी मात्रा मोजल्या. सोळा आणि सोळा. दुसऱ्या दिवशी नात स्वतःहून आईकडे गेली, कप पलंगाखालून बाहेर आला, आणि सूनबाईंनी मोलकरणीची माफी मागितली. गाणं अजून चालीलाही लागलं नव्हतं.

चार दिवसांनी चिटणीस छापील नमुना घेऊन आले. सूरबाई मागे होत्याच, पण या वेळी जमिनीकडे बघत.

“समितीला फार आवडलं,” चिटणीस म्हणाले. “किरकोळ फेरफार आहेत. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा.”

‘तुला सकाळी’चं ‘आपणांस सकाळी’ झालं होतं. दात घासणं गेलं होतं. कपाच्या जागी ‘सद्वर्तनाचे द्यावे वरदान’ आलं होतं. खाली मात्र बाईंचं नाव, खरोखरच ठळक.

“देवाला ‘आपणांस’?” बाई म्हणाल्या. “जन्मभर सगळे ‘तू’च म्हणतात त्याला.”

“देवाचं काही नाही हो. तो समजून घेईल. पण प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत बसणार. बारा मुली त्यांच्याकडे बघून विचारणार, तुला सकाळी कोण उठवते? साहेब दहाला उठतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. वर ‘दात घास’. शिवाय बाईसाहेब शेजारी, आणि मुली म्हणणार, ‘तू सांगितले का’. घरात काय काय लपवलेलं असतं, ताई, आपल्याला काय ठाऊक?”

“‘आपणांस सकाळी’च्या अकरा मात्रा होतात,” सूरबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी टेबलावर ठेका धरून म्हणून दाखवलं. ‘कोण’ समेवर यायचं ते समेच्या पलीकडे जाऊन पडलं.

“भरभर म्हणायचं,” चिटणीस म्हणाले.

नात दारात उभी राहून नमुना वाचत होती. “आजी, हे कुणाला विचारायचंय? मुख्याध्यापकांना?”

“देवालाच.”

“मग कपाचं काढलं ते बरं झालं,” नात म्हणाली. “आपणांसना कोण सांगणार?”

सूरबाई एकदम चहाचे कप गोळा करू लागल्या.

बाईंनी चष्मा लावला. शुद्धलेखन अचूक होतं. ‘आपणांस’वरचा अनुस्वारसुद्धा जागच्या जागी. बोट ठेवायला एक चूक मिळेना. त्यांनी समितीनं घातलेले शब्द एकेक करून खोडले आणि मूळ ओळी समासात पुन्हा लिहिल्या. मग त्या ओळींखाली बारीक टिंबांची रांग काढली. छापखान्यात या टिंबांचा अर्थ एकच: हे आहे तसंच ठेवा. तीस वर्षं त्यांनी ही टिंबं दुसऱ्यांच्या शब्दांखाली काढली होती.

“अहो, पण समितीनं ठराव केलाय,” चिटणीस म्हणाले. “असं छापलं तर त्याखाली तुमचं नाव घालायला ते तयार होणार नाहीत.”

बाईंनी ठळक अक्षरांतल्या स्वतःच्या नावाकडे एकवार नीट पाहिलं. त्यातही चूक नव्हती. त्यावर त्यांनी आडवी रेघ ओढली आणि कागद चिटणिसांच्या हातात दिला.

“माझं नाव नको,” त्या म्हणाल्या. “‘तुला’ तेवढं राहू द्या.”