भाचीचा दर

नोंदणी कचेरीबाहेर टेबल टाकून मी दस्त लिहितो. काम होईपर्यंत लोक गोड बोलतात, मग ओळखही देत नाहीत. समोरच्या फुटपाथवर मशीन मांडून बसणारी शिवणवाली तशी नव्हती. येता-जाता माझं तुटलेलं बटण बघून खेकसायची, "जगाला कायदा शिकवता, आधी याला टाका घाला!" जिभेची तिखट आणि घरात एकटी. मुलगी लांब नोकरीला. बाईला बोलायला माणूस नव्हतं म्हणून ती माझ्याशी भांडायची, असं मला वाटतं.

एक दिवस म्हणाली, "राहती जागा पोरीच्या नावे करायचीय. बक्षीसपत्र लिहा." मुलीला राहतं घर दिलं तर मुद्रांक शुल्क नावापुरतंच. तेवढ्याचा ई-मुद्रांक ऑनलाइन काढला, दस्त लिहिला. नोंदणीच्या दिवशी मुलगी आली. बाई नवी साडी नेसली होती.

खिडकीतल्या कारकुनानं मुलीचं ओळखपत्र पाहिलं. "वडिलांचं हे नाव... तुमचे यजमान?"

"भाऊ माझा. तो आणि वहिनी गेले तेव्हा ही रांगत होती."

"म्हणजे ही तुमची भाची. दत्तकपत्र आहे?"

"पोर वाढवायला कागद लागतो?"

"वाढवायला नाही मावशी, सवलतीला लागतो."

भाचीला सवलत नाही. शुल्क जागेच्या बाजारभावावर, नोंदणी फीसुद्धा त्याच हिशेबानं. मी कपाळावर हात मारला. बाई मात्र हट्टाला पेटली. "मुलगी लिहिलंय ना? मुलगीच राहू द्या!"

"राहू दिलं आणि तपासणीत सापडलं, तर फरक वसूल होतो, वर महिन्यागणिक दंड. तो भरेपर्यंत कागद कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही," कारकून म्हणाला. खोटं नव्हतं त्यात काही.

मुलगी बाईच्या हाताला धरून हळूच म्हणाली, "आत्या, भाची लिहू दे. उद्या काकांची मुलं जागेत वाटा मागायला उठली तर हाच खोटा कागद माझ्या गळ्यात पडेल."

आयुष्यभर पोर बाईला आई म्हणत आली होती; आत्या आज पहिल्यांदाच. पोरीचं चुकलं नव्हतं, म्हणून तर मला तिच्यावर धड रागावताही येईना. मी 'मुलगी'च्या जागी 'भाची' घालून नवा दस्त केला. पोरीनंच फोनवरून फरकाचं शुल्क भरलं, तिथल्या तिथे. बाईनं जिथे दाखवलं तिथे सह्या केल्या आणि अंगठा ठेवला. माझ्या बटणाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

दस्त नोंदला गेला. मुलगी गाडी आणायला पुढे गेली, बाई माझ्या टेबलापाशी उभी राहिली. फाटकातून हाक आली, "आई, चल ना!"

बाई हलली नाही. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला बोलावतेय."

"मला?" ती म्हणाली, आणि मागे वळून कुणी दुसरी आहे का ते बघू लागली.