ओव्हाळ बाईंचा वेळ टिपलेला कागद

पडदा वर जातो तेव्हा दिसते शिरूरजवळच्या एका महाविद्यालयाची खोली क्रमांक सात. लांबट खोली, बाकांच्या चार रांगा, खिडकीतून आत आलेलं एप्रिलचं ऊन. टेबलाशी गौतमी ओव्हाळ बाई. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. नाटकाची तिसरी घंटा जशी कुणासाठी थांबत नाही, तशी ही बाई. पेपर दहाला. साडेनऊलाच त्यांनी वाकून प्रत्येक बाक, प्रत्येक फरशी पाहिली होती आणि वेळ लिहून सही केली होती.

घड्याळ वडिलांचं. बन्सी ओव्हाळ दौंड जंक्शनला रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. ते लेकीला सांगत, गाडी किती मिनिटं लेट ते आपण लिहायचं. का लेट, ते वरच्यांनी बघायचं. बाईंनी सव्वीस वर्षं पर्यवेक्षण याच एका वाक्यावर केलं. म्हणून सहकाऱ्यांत त्या कुणालाच फारशा आवडत नव्हत्या.

दहा वाजून सव्वीस मिनिटांनी दारात सत्यजीत उभा राहिला. संस्थेचे संचालक पोपटराव यांचा मुलगा.

"अर्ध्या तासाच्या आत आलास, बस," बाईंनी वेळ नोंदवली. "पण सुटायचं सगळ्यांबरोबर, एकला."

"गाडी पंक्चर झाली. वाढीव वेळ द्या ना."

"उशिराला वाढीव वेळ नसतो."

"बघतो मी," असं पुटपुटत तो तिसऱ्या रांगेतून मागे गेला.

तासाभराने त्याच रांगेतून हात वर झाला. पाबळहून एस.टी.नं येणारी नीलम. "बाई, प्रश्न तीनमधी नकाशा बघा लिहिलंय, नकाशाच छापला न्हाई."

बाईंनी स्वतः काही सांगितलं नाही. शिपायाबरोबर केंद्रप्रमुखांना चिठ्ठी पाठवली. प्रश्नाचं काय करायचं ते तिकडून सगळ्या खोल्यांना एकदमच कळणार. नीलमला थांबायला सांगायला त्या वाकल्या, आणि तिच्या चपलेशेजारी घडी घातलेला कागद दिसला. बारीक अक्षरांत उत्तरं.

"माझा न्हाई बाई! देवाशपथ न्हाई!" पोरीचा आवाज फाटला.

"ओरडू नकोस. माझा, तुझा मी काहीच म्हटलं नाही."

केंद्रप्रमुख वाबळे सर नकाशाचं सांगायला आले आणि कागद पाहून तिथंच गरजले. "कॉपी! उठ, बाहेर हो!"

"बाहेर नाही सर," बाई म्हणाल्या. "सूचनेत आहे, संशय असला तरी पेपर लिहू द्यायचा. जुनी उत्तरपत्रिका ताब्यात, नवी देते. तिचा जबाब पेपर सुटल्यावर. निर्णय समितीचा."

"मला सूचना शिकवता?"

"वाचून दाखवते."

चाळीस डोकी वर झाली. नकाशाचं दोन शब्दांत सांगून सर पाय आपटत गेले. नीलम रडत रडत नव्या उत्तरपत्रिकेवर लिहू लागली. तिचं वर्ष आता बाईंच्या अहवालातल्या एका ओळीवर लटकलं होतं.

एकला पेपर सुटला. बाईंनी नीलमचा जबाब घेतला, गठ्ठा बांधून कार्यालयात नेला. तिथं वाबळे सरांच्या शेजारच्या खुर्चीत पोपटराव बसले होते.

"हातात सापडला, असं लिहा," सर म्हणाले. "विषय संपला."

"हातात नव्हता. फरशीवर होता." बाईंनी आपला अहवाल पुढे सरकवला. साडेनऊला फरशी साफ. सव्वीस मिनिटं उशिरा आलेला एक विद्यार्थी त्या रांगेतून गेला, त्याचा बैठक क्रमांक. अकरा पंचवीसला कागद दिसला. कुणी टाकला, पाहिलं नाही.

पोपटराव ताडकन उठले. "माझ्या पोराचा नंबर कशापायी? आमच्याच संस्थेचं खाता आन् आमच्यावरच उलटता व्हय? तुमच्यासारख्यांना हितं घेतलं हीच चूक झाली."

'तुमच्यासारख्यांना' या शब्दानं खोली गार पडली. वाबळे सर खाली बघू लागले.

"घेतलं नाही, मुलाखतीत माझी निवड झाली," बाई म्हणाल्या. "आणि गठ्ठे सीलबंद होईपर्यंत बाहेरच्या माणसाला या खोलीत यायची परवानगी नसते. ते लिहायचं राहिलंय."

पोपटरावांनी अहवाल हिसकावला, मुठीत चुरगळला आणि टेबलाखाली भिरकावला. "लिही आता!"

बाई वाकल्या. कागद उचलला, तळहातानं टेबलावर सपाट केला, वळ्या राहिल्या तशाच राहू दिल्या. वडिलांच्या घड्याळात पाहिलं. खालच्या मोकळ्या जागेत वेळ लिहिली: एक वाजून सत्तावीस मिनिटं. पुढे लिहिलं, 'हा अहवाल चुरगळण्यात आला.' मग पेन तसंच धरून मान वर केली.

"कुणी, ते मी या वेळी स्वतः पाहिलंय. पूर्ण नाव सांगा, वडिलांच्या नावासकट."