दाखल्याचा दुसरा फोटो

खाऱ्या हवेत टिकावा म्हणून आमच्या यांच्या मृत्यूचा दाखला मी लॅमिनेट करून घेतला होता. घर माझ्या नावावर करायला ग्रामपंचायतीला त्याचा फोटो पाठवला, तर तो नाकारला गेला. ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका यांच्या नावावर आला होता.

"वयनी, पडवीत येवा. उन्हात नको, सावलेत काढा," शेजारीण म्हणाली.

दाखला बाकावर सपाट ठेवला, फ्लॅश बंद केला. माझी सावली पडणार नाही अशी बाजूला सरकले. फोटो हलू नये म्हणून कोपर बाकाला टेकवले.

पाठवण्याआधी फोटो मोठा करून अक्षर न् अक्षर तपासलं. इतके दिवस मी तो दाखला वाचलाच नव्हता. पत्नीच्या रकान्यात माझं नाव होतं. दोन्ही नावं स्वच्छ वाचता येत होती. पाठवायचं बटण दाबायला मात्र मला वेळ लागला.