सहा मिनिटांचं काज

शकुनताईंचं वय मला कधी नीट कळलं नाही. विचारलं की त्या म्हणायच्या, "बोटं अजून तिशीतली आहेत, तेवढं पुरे." हा गर्व त्यांना शोभायचा, हे मान्य करते. भवानीपूरच्या त्या गल्लीत, साहाबाबूंच्या शिवणाच्या कारखान्यात आम्ही दोघीच मराठी. बाकी सगळ्या बंगाली बायका. त्या आणि शकुनताई हाताने सदऱ्यांना काजं करायच्या, आणि मी कोणी किती केली ते वहीत लिहायची. शकुनताईंचे यजमान बँकेत होते. ते गेले आणि महिन्याभरात बाईंनी सुई हातात घेतली. देशी परत जाऊन भावाच्या दारात उभं राहायचं नाही, हा हट्ट.

काजामागे पाच पैसे मिळायचे. १९७३ साल होतं. आमच्या कामाला दिवसाची कमीत कमी मजुरी चार रुपये ऐंशी पैसे लागू होती. आठ तासांचे चार ऐंशी, म्हणजे तासाला साठ पैसे. आमच्यातली तरुलता दिवसाला बहात्तर काजं करायची, हातात तीन रुपये साठ. तिने कुठूनसा हा दर ऐकला आणि मजूर कचेरीत तक्रार टाकली. शकुनताई तिच्यावर चिडल्या. "हात चालत नाहीत त्याला सरकार काय करणार?" असं मला म्हणाल्या. मला राग आला, पण मी गप्प बसले. त्याला कारण होतं.

कारण असं की गेलं वर्षभर शकुनताईंच्या सुईत दोरा मी ओवत होते. वही दाखवायच्या निमित्ताने त्यांच्याजवळ बसायची आणि पाच-सहा सुया ओवून त्यांच्या पदराखाली सरकवायची. त्यांची नजर उतरली होती. चष्मा लावला तर साहाबाबू काम देणार नाहीत, अशी त्यांना धास्ती. काज त्या आता बोटांनी चाचपून करत. एकेकाळी दिवसाला शंभराच्या वर जाणाऱ्या बाई आता चौऱ्याहत्तरवर आल्या होत्या. साहाबाबू फक्त सगळ्यांची बेरीज बघत, एकेकीची ओळ नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती मूठ माझ्या वहीत होती.

कचेरीतून मित्रबाबू नावाचे निरीक्षक आले. शांत माणूस, मनगटावर मोठं घड्याळ. त्यांनी पहिल्यांदा हजेरीची वही मागितली. साहाबाबू हसले. "हजेरी कसली? या बायका मनाला येईल तेव्हा येतात, जातात. चार-पाच तास बसतात. काजावर पैसे घेतात." त्या पठ्ठ्याने तासांची वही ठेवलीच नव्हती.

"मग काजांवरून तास काढावे लागतील," मित्रबाबू म्हणाले. "एका काजाला किती वेळ लागतो ते बघू."

"शकुनदींना बसवा," साहाबाबू लगेच म्हणाले. "सकाळी पहिल्या येतात, संध्याकाळी शेवटी जातात. सबंध दिवस बसतात."

मी वही मिटून घेतली. शकुनताई मात्र ताठ बसल्या. दहा बायका, मालक, सरकारी माणूस, सगळे बघत होते. माझ्या ओवलेल्या सुया त्यांच्या मांडीवर होत्या. मित्रबाबूंनी घड्याळ बघितलं आणि ती बोटं जी सुटली, की जणू यजमान अजून जिवंत होते आणि हे काम हौसेचं होतं. चाळीस मिनिटांत दहा काजं. कपाळावरून घाम नाकावर येत होता, पण एक टाका वाकडा नाही.

"काजाला चार मिनिटं," साहाबाबू खूश झाले. "बघा, तरुलतेची बहात्तर काजं म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी मिनिटं. पाच तास पण नाहीत! मिळाले तीन साठ. तासाला पंचाहत्तर पैसे पडले. सरकारपेक्षा मी जास्तच देतो."

हिशेब चोख होता, तेच तर भय. मित्रबाबूंनी आकडे उतरवून घेतले. तरुलता भिंतीकडे तोंड करून बसली. शकुनताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आता कळलं होतं. ज्या बोटांची वाहवा झाली त्यांनीच नऊ जणींच्या पानात माती कालवली होती.

"पुष्पा," त्या हळूच मराठीत म्हणाल्या, "मी काय करून बसले गं?"

"आता गप्प बसा," मी म्हणाले. खरंच तेच म्हणाले. मला त्यांच्या पोटाची काळजी होती.

मित्रबाबूंनी आणखी तीन बायकांना बसवलं. दोन तासांत कोणी एकोणीस, कोणी वीस, कोणी एकवीस. काजाला सहा मिनिटांच्या आसपास. साहाबाबू ओरडले, "मुद्दाम हळू करतात! शकुनदींचं माप घ्या." मित्रबाबू पेन्सिल दातात धरून विचार करत राहिले. कुठलं माप खरं, हे ठरवायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

तेव्हा शकुनताई उठल्या. "साहेब, माझी ओळ वाचा. पुष्पा, वही दे."

मी वही छातीशी धरली. त्यांनी ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि मित्रबाबूंसमोर ठेवली. मोडक्या बंगालीत म्हणाल्या, "मालकांनी आत्ता सांगितलं, मी सबंध दिवस बसते. सबंध दिवसाची माझी काजं बघा."

मित्रबाबूंनी पानं उलटली. चौऱ्याहत्तर. त्र्याहत्तर. पंचाहत्तर. चौऱ्याहत्तर.

"चाळीस मिनिटं कोणीही जिवावर उदार होऊन धावेल," शकुनताई म्हणाल्या. "दिवसभर माझंही सहा मिनिटांना एकच होतं. मला दिसत नाही नीट. सुया ही पुष्पा ओवून देते."

साहाबाबूंचं तोंड उतरलं. आपण काय गमावलं ते त्यांना आधी कळलं की शकुनताईंना, सांगता येत नाही.

मित्रबाबूंनी मोठ्याने हिशेब मांडला. चौऱ्याहत्तर काजं सहा मिनिटांनी, सात तास चोवीस मिनिटं. उरलेली छत्तीस मिनिटं गठ्ठा यायची वाट बघण्यात, मोजून देण्यात. तीही कामाचीच. म्हणजे पूर्ण आठ तास. तरुलतेची बहात्तर काजं म्हणजे सात तास बारा मिनिटं. वाट बघणं सोडून दिलं तरी तिला चार रुपये बत्तीस पैसे पडायला हवे होते, मिळाले तीन साठ. "किमान मजुरी वेळेची असते," ते साहाबाबूंना म्हणाले, "सगळ्यांत जलद बाईच्या बोटांची नाही." मग त्यांनी फरकाची यादी लिहायला घेतली.

त्या यादीत पहिलं नाव आलं, शकुन रांगणेकर. दिवसाला एक रुपया दहा पैसे कमी.

"माझं?" शकुनताई म्हणाल्या. "मला कशाला? माझेच हात मंदावलेत."

"तुम्ही आठ तास बसलात ना?" मित्रबाबूंनी विचारलं.

वर्षभर शकुनताई रोज संध्याकाळी मला म्हणत होत्या, आज मी आळस केला गं, उद्या भरून काढीन. एकदाही त्यांनी आळस केला नव्हता, हे त्यांना वहीच्या आकड्यांवरून परक्या माणसाने सांगितलं. त्या खाली बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसले, ते आकडे मीच लिहिले, आणि मला हे सांगायचं सुचलं नाही. याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या सोमवारी साहाबाबूंनी त्यांना काम दिलं नाही. फरकाचे पैसे मात्र द्यावेच लागले. शकुनताईंनी त्यातून पहिल्यांदा चष्मा केला, आणि तो घालून माझ्याकडे आल्या. माझी वही उघडून म्हणाल्या, "पुष्पा, तुझं अक्षर फार वाईट आहे गं."